विद्यार्थ्यांना सरांचं उत्तर आधीच ठाऊक होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तानपुऱ्याने एकाग्रता वाढते, हे नागपूरच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याची बातमी आपण काल पहिल्या पानावर, चौकटीत छापली. एका गटाला हेडफोनवर तानपुरा ऐकवला, दुसऱ्याला नुसते बसवले आणि मग दोन्ही गटांना कागदावरचे ठरावीक अंक खोडायची चाचणी दिली, असा तो प्रयोग. 'सिद्ध' हा शब्द मथळ्यात टाकण्याआधी प्रयोग कसा झाला, हे आपल्या वार्ताहराने एखाद्या विद्यार्थ्याला तरी विचारायला हवे होते. मी पूर्वी मानसशास्त्राची प्रात्यक्षिके घेत असे. शिवाय माझी भाची शिकायला आमच्याकडे राहते आणि ती याच प्रयोगात प्रयोज्य म्हणून, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांतली एक म्हणून, बसली होती. म्हणून हे पत्र.

संमतीपत्रावर वरच ठळक अक्षरांत छापले होते : 'ध्यानसंगीताचा एकाग्रतेवर होणारा परिणाम'. प्रयोग तिथेच निम्मा संपला. ज्यांच्या कानाला हेडफोन लागले त्यांना कळले की आपण हुशार ठरायचे आहे आणि ज्यांना नुसते बसवले त्यांना कळले की आपण तुलनेपुरते आहोत. त्यातून प्रयोग घेणारे सर अंतर्गत गुण देणारे! भाचीचे शब्द जसेच्या तसे देते : "मावशी, सरांना काय पाहिजे ते काय समजत नव्हतं का? सगळ्या पोट्ट्यांना माहीत होतं."

यालाच डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स म्हणतात. प्रयोगाच्या मांडणीतून, सूचनांतून, खोलीतून प्रयोज्याला अपेक्षित निष्कर्षाचा सुगावा लागतो आणि तो तसा वागू लागतो. तो लबाडी करत नसतो, त्याला चांगला प्रयोज्य व्हायचे असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी 1962 साली हे स्पष्ट मांडले. त्यांना कोणीही मध्येच सोडून देईल असे निरर्थक काम हवे होते. त्यांनी प्रयोज्यापुढे बेरजांचे 2000 कागद ठेवले. एकेका कागदावर 224 बेरजा. घड्याळ काढून घेतले, 'काम चालू ठेवा, मी येईन परत' एवढेच सांगितले. साडेपाच तासांनी प्रयोगकर्ताच थकला. मग प्रत्येक कागद सोडवून झाल्यावर त्याचे निदान 32 तुकडे करून फेकायचे आणि पुढचा घ्यायचा, असे सांगून पाहिले. तरी लोक तासन्‌तास बेरजा करत राहिले. 'प्रयोग आहे' एवढ्या शब्दावर माणूस हे करतो. मग आवडत्या सरांसाठी दहा मिनिटे अंक खोडण्याचा वेग वाढवणे त्याला काय जड आहे?

आता बातमीतल्या त्या वाक्याकडे येते, ज्याने मला रात्री झोप लागली नाही. 'संगीताने मन खरोखर शांत झाले का, याची संशोधकांनी खातरजमाही केली.' ही खातरजमा म्हणजे मॅनिप्युलेशन चेक. आपण जो बदल घडवू पाहिला तो घडला का, हे तपासायची ती रीत आहे आणि ती उपयोगाचीही आहे. पण इथे ती कशी केली? संगीत संपताच, अंक खोडण्याची चाचणी सुरू होण्याआधी, हाती कागद दिला : 'तुम्हाला आत्ता किती शांत वाटते? 1 ते 7.' ज्याला अजून अंदाज आला नव्हता त्यालाही या प्रश्नाने सांगून टाकले की आता तू शांत असायला हवास. भाचीने 6 वर खूण केली. प्रत्यक्षात हेडफोन कानाला टोचत होता आणि तिला कधी एकदा संपते असे झाले होते. तिच्या त्या 6 मधून तिचे मन शांत होते हे कळत नाही, तिला प्रश्नाचा रोख कळला होता एवढेच कळते. मुख्य मोजमाप ज्या सुगाव्याने बिघडते, त्याच सुगाव्याने ही तपासणीही बिघडते. मग एकाने दुसऱ्याला साक्ष कशी द्यायची? हा प्रश्न आधी वेगळ्याच विद्यार्थ्यांवर, वेगळ्या दिवशी विचारून घ्यायचा असतो. किंवा निदान चाचणी झाल्यावर.

पुढची गोष्ट याहून वाईट. ज्यांनी 'शांत वाटले नाही' असे लिहिले त्यांना हिशेबातून वगळले, हे आपल्याच बातमीत अभिमानाने छापले आहे. भाचीच्या एका मैत्रिणीने खरे ते लिहिले, 2 वर खूण केली. ती बाद. अशी चुळबुळी, अस्वस्थ मुले फक्त संगीताच्या गटातून गाळली गेली. नुसत्या बसवलेल्या गटात त्यांच्यासारखीच मुले होती, ती मात्र तशीच राहिली. चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट केले होते, ते या एका चाळणीने असमान झाले. एकाग्र मुले एका बाजूला निवडून घेतल्यावर त्या बाजूचे गुण जास्त येणारच. तानपुरा लावा नाहीतर कूलरची घरघर ऐकवा. (आणि हो, नुसत्या बसवलेल्या गटाच्या खोलीत कूलर चालू होता, संगीताचा गट एसीत बसला होता. हे बातमीत नाही.)

चाचणीची वेळ स्टॉपवॉचवर मोजणारा आणि चुका मोजणारा संशोधक विद्यार्थी कोण कुठल्या गटातला हे जाणून होता. यात त्या मुलाच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. ब्रसेल्सच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला. म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचल्यावर माणूस हळू चालतो, असा तो 1996 चा अमेरिकन निष्कर्ष होता. स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावले तेव्हा परिणाम दिसलाच नाही. मग त्यांनी दहा प्रयोगकर्ते घेऊन अर्ध्यांना सांगितले की प्रयोज्य हळू चालतील, अर्ध्यांना सांगितले की भरभर चालतील. शब्द तेच, पण प्रयोज्य खरोखर हळू चालले ते पहिल्या अर्ध्यांकडेच आणि तेही सेन्सरवर दिसले. म्हणजे प्रयोगकर्त्याची अपेक्षा फक्त त्याच्या घड्याळात शिरत नाही, समोरच्या माणसाच्या पायात शिरते. आवाजातून, नजरेतून, 'छान, आता सुरू करा' म्हणण्याच्या सुरातून. म्हणून मोजणाऱ्याला गट माहीत नसावा लागतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पाकिटावर क्रमांक घालून दुसऱ्या कोणीतरी हेडफोन लावले की झाले.

एक साधी पडताळणी अजूनही करता येईल. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना संगीत न ऐकवता फक्त प्रयोगाचे वर्णन सांगा, संमतीपत्र दाखवा आणि विचारा की तुम्ही यात असता तर किती गुण मिळवले असते. त्यांचेही उत्तर प्रयोगाच्या निकालासारखेच आले, तर तो निकाल तानपुऱ्याचा की समजुतीचा हे सांगता येत नाही. ऑर्न यांचीच ही युक्ती आहे. निकाल वेगळा आला तर मी स्वतः या सरांचे अभिनंदन करायला जाईन.

आणखी एक. बातमीसोबत हेडफोन लावलेल्या मुलींचा मोठा फोटो आहे, सगळ्यांचे चेहरे ओळखू येतात. भाची डावीकडून दुसरी. ज्या संमतीपत्रावर तिने सही केली, त्यात 'आपली ओळख गोपनीय राहील' असे लिहिले होते. फोटो छापण्याविषयी तिला कोणी विचारले नाही, ना कॉलेजने, ना आपल्या छायाचित्रकाराने. तो आपल्या संकेतस्थळावरून आजच काढावा आणि कोणाच्या परवानगीने छापला हे कळवावे.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
धरमपेठ, नागपूर