गुंतवणूकदारांसाठीचं ‘तंत्रज्ञान’ प्रकरण

प्रिय मित्रा,

फिजिओथेरपी क्लिनिकसाठीच्या तुमच्या ॲपचा व्यवसाय आराखडा काल रात्री वाचून संपवला. बाजारपेठ आणि खर्चाची प्रकरणं नीट उतरली आहेत. ‘तंत्रज्ञान’पाशी मात्र मी अडलो. चार पानांत साधनांची एकोणीस नावं आहेत आणि त्यातलं एकही नाव तुझ्या गुंतवणूकदारांना काही सांगत नाही. त्यांच्यापैकी कोणी प्रोग्रामर नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. पैसे अडकवणारा माणूस हे प्रकरण वाचताना एवढंच शोधतो: यातलं आपल्या मालकीचं काय, ते कधी तयार होईल, कुठे फसू शकतं आणि फसलं तर कोण धावून येईल. याची उत्तरं दीड पानात मावतात. प्रत्येक भागाबद्दल मला काय वाटलं ते सविस्तर लिहितो.

आधी साधनं. नावांची यादी काढून टाक आणि सगळ्या गोष्टी तीन ढिगांत घाल: आपण स्वतः लिहिलेलं, फुकट आणि सर्वांना खुलं असलेलं, आणि भाड्याने घेतलेलं. तुमच्या ॲपमध्ये खरं तुमचं काय आहे? रुग्णाचं दुखणं आणि त्याची रोजची नोंद पाहून फिजिओथेरपिस्टला पुढच्या आठवड्याचा व्यायाम सुचवणारा भाग. तेवढाच. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, तो मुक्त स्रोत आहे. सर्व्हर भाड्याचे आहेत, एसएमएस दुसरी कंपनी पाठवते, पैसे पेमेंट गेटवे घेतो. हे कबूल करायला तू कचरतो आहेस असं मसुद्यावरून वाटलं. कचरू नकोस. कार्डाचा नंबर तुमच्या सर्व्हरवर कधी येतच नाही, म्हणून तो तुमच्याकडून चोरीलाही जाऊ शकत नाही, हे वाक्य ऐकून गुंतवणूकदाराला बरंच वाटेल.

प्रत्येक मोठ्या साधनाबद्दल एक वाक्य पुरे: ते काय करतं, आणि उद्या ते बंद पडलं किंवा महागलं तर आपण काय करू. पोस्टग्रेसबद्दल असं लिहिता येईल: ‘सगळ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात तो 1996 पासून या नावाने खुला आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, आणि त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. सर्व्हर देणारी कंपनी बदलली तरी डेटा उचलून दुसरीकडे नेता येतो.’ एसएमएसवाल्यांबद्दल लिहिताना मात्र खरं सांग की बदलायला तुम्हाला दोन आठवडे लागतील.

आता बांधणीचा आराखडा. तुझ्या तक्त्यात चोवीस आठवड्यांच्या चोवीस पट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना घट्ट चिकटून आहेत. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पहिलाच टप्पा घेऊ: अपॉइंटमेंट आणि रुग्णाची नोंदवही, आठ आठवडे, दोन प्रोग्रामर. म्हणजे हातात सोळा मनुष्य-आठवडे आहेत. तू कामांची बेरीज केलीस तीही सोळाच आली. अशी बेरीज जुळली की मला काळजी वाटते, कारण तिच्यात चाचणी नाही, पाच क्लिनिकमध्ये बसून केलेल्या दुरुस्त्या नाहीत, ॲप स्टोअरने पहिल्यांदा नाकारलं तर पुन्हा पाठवण्याचा वेळ नाही. मी त्या सोळांतली अकराच कामाला देईन आणि पाच या सगळ्यासाठी राखून ठेवीन. मग तुझ्या यादीतली काही कामं या टप्प्यात मावणार नाहीत. वेटिंग लिस्ट आणि एकाच क्लिनिकच्या अनेक शाखा दुसऱ्या टप्प्यात ढकल, पहिल्या पाच क्लिनिकना त्यांची गरज नाही.

आणि ‘टप्पा पूर्ण’ म्हणजे काय, हे बिगर-तांत्रिक माणसाला स्वतः तपासता येईल असं लिही. ‘बॅकएंड मॉड्यूल ऐंशी टक्के पूर्ण’ कोणालाच तपासता येत नाही. माझ्या अनुभवात उरलेल्या वीस टक्क्यांना निम्मा वेळ जातो. त्याऐवजी लिही: ‘आठव्या आठवड्याअखेर पाच क्लिनिक कागदी वही बंद करून सलग दोन आठवडे फक्त ॲपवर नोंद करत असतील.’ गुंतवणूकदार एखाद्या क्लिनिकला फोन करून हे खरं की खोटं ते पाहू शकतो.

आता सुरक्षितता, म्हणजे मला सर्वांत जास्त खटकलेला भाग. ‘बँकेच्या दर्जाची सुरक्षा’ आणि ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे दोन्ही शब्दप्रयोग आजच काढ. ‘एईएस-256 एन्क्रिप्शन’ राहू दे, पण ते कशापासून वाचवतं तेही लिही. सर्व्हरची डिस्क कोणी उचलून नेली तर त्याला काही वाचता येणार नाही, हा त्याचा उपयोग. एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड फुटला तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण योग्य पासवर्ड देणाऱ्याला यंत्रणा सगळं उलगडूनच दाखवते. म्हणून खरा प्रश्न कोण काय पाहू शकतं हा आहे.

तुमच्यासारख्या उत्पादनात हमखास सापडणारी चूक सांगतो. डॉक्टर आपल्या रुग्णाचं पान उघडतो तेव्हा त्या पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक असतो, समज 4071. त्याने तिथे 4072 टाकलं आणि दुसऱ्या क्लिनिकच्या रुग्णाची माहिती उघडली, तर जगातलं कोणतंही एन्क्रिप्शन तुम्हाला वाचवणार नाही. ओवास्प ही संस्था वेब ॲप्लिकेशनमधल्या सर्वांत गंभीर धोक्यांची यादी काढते. तिच्या 2021 च्या यादीत अशा प्रकारच्या चुका, म्हणजे परवानगी नीट न तपासणं, पहिल्या क्रमांकावर आहेत. हे तू स्वतः तपासू शकतोस. दोन खोटी क्लिनिक तयार कर, एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या रुग्णाचा क्रमांक टाक. नकार आला पाहिजे. पानांसारखंच रिपोर्टच्या पीडीएफचंही करून बघ, फाइलींच्या बाबतीत हमखास विसरलं जातं. मग प्रकरणात लिही की ही चाचणी प्रत्येक नव्या आवृत्तीआधी आपोआप होते. अर्थात, आधी ती खरंच तशी होईल असं करून घे.

आणि बॅकअप. तुझं वाक्य आहे: ‘रोज रात्री बॅकअप घेतला जातो.’ मी विचारतो, तो परत कधी बसवून पाहिलात? 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेत काय झालं ते तुला माहीत असावं. एक अडचण सोडवताना इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचाच डेटा पुसला. बॅकअपची व्यवस्था कागदावर होती. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप बराच काळ अपयशी ठरत होता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि अपयश कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. त्या इंजिनिअरने साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत हाताने काढून ठेवली होती, तिने त्यांना तारलं. तरीही मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही याच्यासारखंच एक भोगलं आहे. डेटाबेस व्यवस्थित परत आला, तासाभरात ॲपची पानं उघडू लागली, आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि मग एकाने विचारलं की फोटो का दिसत नाहीत. वापरणाऱ्यांनी चढवलेल्या फाइली वेगळ्या ठिकाणी साठत होत्या आणि त्या जागेचा बॅकअप कोणी लावलाच नव्हता. तुमच्याकडे व्यायामाचे व्हिडिओ आणि एक्स-रे असेच वेगळे राहतात. म्हणून सांगतो, एका शनिवारी रिकाम्या सर्व्हरवर काल रात्रीची प्रत बसव, घड्याळ लाव, रुग्णांची संख्या मोज, दहा रुग्णांचे एक्स-रे उघडून बघ. त्यातून दोन आकडे हाती येतील: जास्तीत जास्त किती वेळाची नोंद गमवावी लागेल, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागेल. रोज रात्रीच बॅकअप असेल तर पहिला आकडा चोवीस तास आहे, आणि क्लिनिकला तो चालेल का हे तुला त्यांनाच विचारावं लागेल. हे दोन आकडे आणि चाचणीची तारीख प्रकरणात असली की सुरक्षेचं निम्मं काम झालं.

शेवटी देखभाल. तुझ्या मसुद्यात यावर एकच ओळ आहे: ‘आमचा अनुभवी तांत्रिक सहकारी देखभाल पाहील.’ तो सहकारी करारावर आहे, आणि मागे बोलताना तुझ्याकडून निसटलं की डोमेन त्याच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलं आहे. मित्रा, हे मला फार लागलं. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तो आजारी पडला आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली, तर एका सकाळी तुमचं ॲप आणि कंपनीचे ईमेल एकदम बंद. डोमेन, क्लाउडचं मुख्य खातं, दोन्ही ॲप स्टोअरची खाती आणि कोडचं भांडार, हे सगळं कंपनीच्या नावावर आण, आणि प्रत्येकाची चावी निदान दोघांकडे ठेव. शिवाय बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा हक्क लेखी करार नसेल तर त्याच्याकडेच राहतो. वकिलाला दाखवून हक्क हस्तांतराचा कागद करून घे. गुंतवणूकदाराचा वकील हा कागद मागणारच.

देखभाल म्हणजे काय हेही थोडं उलगड. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याला बसवाव्या लागतात, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीच्या अटींशी दरवर्षी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे काम उत्पादन ‘पूर्ण’ झाल्यावरही थांबत नाही. त्याचा वेळ खर्चाच्या प्रकरणात मला कुठे दिसला नाही. आणि तू दिलेलं 99.99 टक्के चालू राहण्याचं वचन मागे घे. त्याचा अर्थ महिन्याला साडेचार मिनिटंही बंद पडायचं नाही. रात्री फोन वाजून माणूस लॅपटॉप उघडेपर्यंतच तेवढी जातात. 99.9 म्हणजे महिन्याला सुमारे 43 मिनिटं, आणि तुम्हा तिघांच्या चमूला तेही कष्टानेच जमेल. तेच लिही, आणि सोबत रात्रीचा फोन कोण उचलणार, त्याने नाही उचलला तर दुसरा कोण, ते पदासकट लिही.

डोमेनचं काम सोमवारीच कर, बाकी सगळं त्यानंतर. बॅकअपची चाचणी ज्या शनिवारी ठरवशील त्या दिवशी मी फोनवर तुझ्यासोबत बसतो. ते आकडे आले की दुसरा मसुदा पाठव, मी त्याच रात्री वाचीन.

तुझाच,
जुना सोबती