नळाला करंट, आणि घरमालकाला लिहायचं पत्र

संपादक महोदय,

थंडी पडून गिझर सुरू झाले, की नागपुरातल्या किरायेदारांचा घरमालकांना ठरलेला निरोप जातो: "नळाला करंट मारतो, ब्रेकरही पडतो." एवढ्यावरून आलेला मेकॅनिक फार तर ब्रेकर बदलून जातो. ब्रेकर नेमका कधी पडतो, हे त्या निरोपात नसतं, आणि दोष तर त्यावरूनच कळतो. तक्रार अशी लिहावी:

"बाथरूमच्या गिझरचं बटण दाबल्यावर ब्रेकर पडत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून गरम पाण्याचा नळ धरला की झटका बसतो आणि त्याच क्षणी ‘टी’ बटण असलेला ब्रेकर पडतो. रबरी चप्पल असली की झटका जाणवत नाही. दोन दिवस गिझरचा प्लग काढून ठेवला, तेव्हा काहीच झालं नाही. गिझर दुरुस्त करावा आणि त्याच्या सॉकेटची अर्थिंग तपासावी."

या चार ओळींत वायरमनला दोन दोष दिसतात. ‘टी’ बटणाचा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, गळता करंट ओळखतो. घरात तो सहसा ३० मिलीअँपियरचा असतो. अर्थिंग धड असती तर गळती तारेवाटे जमिनीत गेली असती आणि ब्रेकर कुणी नळ धरायची वाट न पाहता पडला असता. इथे तो माणसाचा हात लागल्यावर पडतो, म्हणजे अर्थची तार कुठेतरी तुटलेली किंवा जोडलेलीच नाही, आणि गळतीला वाट माणसातून मिळते. बोअरच्या जड पाण्याने क्षार चढून एलिमेंट फुटणं, हा गळतीचा नेहमीचा उगम. नुसतं एलिमेंट बदललं तर अर्थिंगचा दोष पुढच्या गळतीपर्यंत तसाच दबा धरून राहतो.

प्लग काढूनही झटका येत असेल तर तेही लिहावं. मग करंट दुसरीकडून येतो आहे. शेजारच्या ब्लॉकची मोटरही त्याला कारण असू शकते. मात्र पत्रासाठी म्हणून कुणी मुद्दाम नळ धरून पाहू नये. जे आधीच घडलं तेवढंच लिहावं आणि दुरुस्तीपर्यंत प्लग काढूनच ठेवावा.

ब्रेकर पडला नाही म्हणून धोका नाही, असंही नाही. मुंग्या एखाद्या मिलीअँपियरलाही येतात. आरसीसीबी १५ च्या खाली पडेलच असं नाही. साधा एमसीबी फक्त जादा भाराला किंवा शॉर्ट सर्किटला पडतो. अशा गळतीला तो पडतच नाही, कारण दोन हजार वॅटचा गिझर एरवीच नऊ अँपियरच्या आसपास घेतो आणि त्यापुढे ही गळती नगण्य. म्हणून "सारखा पडतो" या कारणाने आरसीसीबी काढून तिथे एमसीबी बसवणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवावा.

पत्र तारखेसह लेखी द्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर किरायेदार ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च किरायातून वळता करू शकतो. वर्षाला मर्यादा त्या वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाची.

एक वायरिंग कंत्राटदार, नागपूर