‘मुळांना’ की ‘मुलांना’? फोटोवरून होणाऱ्या भाषांतराबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वरुड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. बागेवर राहणारा सालदार सीमेपलीकडचा, मध्य प्रदेशातल्या बैतुलकडचा. त्याला मराठी ऐकून समजते, थोडी बोलताही येते, पण वाचायला त्याला हिंदीच बरी पडते. मागच्या पावसाळ्यात काही झाडांवर डिंक्या दिसला, पाने पिवळी पडू लागली, म्हणून मी बुरशीनाशक आणले. सोबत दुकानातून एक छापील मराठी पत्रक मिळाले. मला त्या दिवशी गावाला जायचे होते. पत्रक त्याच्या हाती दिले आणि सांगितले, यात लिहिले आहे तसे कर.

त्याने मोबाईलवर पत्रकाचा फोटो काढून हिंदी करून घेतले आणि नशीब, काम सुरू करण्याआधी मला फोन केला. “भैया, ये दवाई बच्चों को भी देनी है क्या? कितनी?”

त्याची दोन लहान लेकरे बागेतल्याच खोलीत राहतात. मी जागच्या जागी गाडी वळवली.

पत्रकात दोन वाक्ये लागोपाठ होती : ‘द्रावण मुळांना द्यावे. राहिलेले द्रावण साठवून ठेवू नये.’ त्याच्या मोबाईलवर दिसत होते : ‘घोल बच्चों को दें। बचा हुआ घोल रखकर न छोड़ें।’ दुसरे वाक्य बिनचूक होते. म्हणूनच पहिल्यावर त्याचा विश्वास बसत होता. सगळेच गचाळ आले असते तर त्याने ते बाजूला ठेवले असते.

त्या रात्री मी आणि माझा पुतण्या तो कागद घेऊन बसलो आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधले. तेच आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हे पत्र लिहितो आहे, कारण आमच्या या पट्ट्यात मराठी कागद हिंदी वाचणाऱ्याच्या हाती आणि हिंदी कागद मराठी वाचणाऱ्याच्या हाती रोज पडतो.

फोटोवरून भाषांतर होते तेव्हा मोबाईल दोन वेगळी कामे करतो. आधी तो चित्रातली अक्षरे वाचून त्यांचा मजकूर तयार करतो. मग त्या मजकुराचे भाषांतर करतो. दुसरे काम करताना त्याला कागद दिसत नसतो, फक्त पहिल्या कामातून आलेला मजकूर दिसतो. आमच्या बाबतीत भाषांतरात काहीच चुकले नव्हते. ‘मुलांना’ म्हणजे ‘बच्चों को’ हे अगदी बरोबर आहे. चूक वाचण्यात होती. ‘ळ’चा ‘ल’ झाला होता.

हिंदीच्या रोजच्या लिखाणात ‘ळ’ येतच नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून कागद कोणत्या भाषेतला हे मोबाईलला चटकन कळत नाही. बारीक टाइप, घडी पडलेला कागद, वर हाताची सावली, अशा वेळी ‘ळ’ ओळखू आला नाही की जवळचा ‘ल’ बसतो. बहुतेक वेळा हे खपूनही जाते. ‘फळ’चे ‘फल’ झाले, ‘काळा’चा ‘काला’ झाला, तरी हिंदीत अर्थ तोच राहतो. घात होतो तो मराठीत ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्हींचे वेगवेगळे शब्द आहेत तिथे : मूळ आणि मूल, वेळ आणि वेल, गाळ आणि गाल. वाचणारा अडखळत नाही, कारण समोर आलेला शब्दही खराच असतो.

आम्ही पुढे एक प्रयोग केला. पुतण्याने ‘मुळांना द्यावे’ खोडून हाताने लिहिले, ‘आळ्यात ओतावे’. पुन्हा फोटो काढला. या वेळी ‘आळ्यात’चे ‘आल्यात’ झाले आणि हिंदीत अदरक आले. म्हणजे शब्द बदलला, पण खड्डा तोच राहिला. शेवटी लिहिले, ‘खोडाभोवतीच्या मातीत ओतावे, कोणीही पिऊ नये’. ते नीट उतरले. या वाक्यात ‘ळ’ नाही हे एक. दुसरे म्हणजे ‘द्यावे’ गेले. आपण शेतकरी झाडाला पाणी देतो, खत देतो, औषध देतो, पण बाहेरच्या माणसाला ‘द्यावे’ म्हटले की कोणाला तरी खायला-प्यायला देणेच आठवते. ‘ओतावे’मध्ये ती शंका राहत नाही.

चूक वाचण्यात आहे की भाषांतरात, हे ओळखायला एक सोपी रीत आहे. मोबाईल भाषांतर फोटोवरच चिकटवून दाखवतो, त्याखाली मूळ ओळ झाकली जाते. तसे न बघता त्याने वाचलेला मजकूर वेगळा उघडायचा आणि तो कागदाशेजारी धरायचा. इथे लिपी एक असल्याचा उलट फायदाच होतो. माझ्या सालदाराला मराठी शब्दाचा अर्थ लागला नाही तरी कागदावरचे अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर सारखे आहे की नाही, हे तो डोळ्यांनी पाहू शकतो. तमिळ कागदावर हे त्याला जमले नसते. अक्षर वेगळे दिसले तर कागद सपाट करून उजेडात, एकेका परिच्छेदाचा जवळून फोटो घ्यायचा आणि भाषा आपोआप ओळखू न देता स्वतः ‘मराठी’ निवडायची. आमच्याकडे नुसती भाषा निवडून भागले नाही. दिवसाच्या उजेडात जवळून फोटो घेतला तेव्हा कुठे ‘मुळांना’ आले.

बरेच जण सांगतात की आलेले हिंदी परत मराठीत करून बघा, चूक कळते. या चुकीसाठी ते उपयोगाचे नाही. ‘बच्चों को’चे परत ‘मुलांना’च होते आणि मन आणखी निर्धास्त होते.

भाषा चुकीची धरली जाण्याचा धोका लांब वाक्यापेक्षा तोकड्या ओळीत जास्त असतो. वाक्यात ‘आहे’, ‘करावे’ आले की मराठी ओळखू येते. पण तक्त्याच्या वर एकटाच ‘खत’ हा शब्द असेल तर तो हिंदीही असू शकतो. हिंदीत खत म्हणजे चिठ्ठी, आपल्या खताला ते खाद म्हणतात. ‘पीक’ म्हटले तर त्यांना पानाची पिंक आठवते. असे मथळे भाषांतराला लावताना निदान खालच्या एखाद्या पूर्ण ओळीसकट फोटो घ्यावा.

आता उलट्या बाजूची गोष्ट. इथे अक्षर बरोबर वाचले गेले होते आणि शब्दाने फसवले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला विदर्भ आणि बैतुल-छिंदवाडा एकाच राज्यात होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांची सोयरीक आणि जमीन आजही पलीकडे आहे. शेजारच्या एका काकूंच्या माहेरची थोडी शेती तिकडे आहे. तिथून नामांतरणाची हिंदी नोटीस आली. नामांतरण म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यासाठी होतो तो फेरफार. नोटिशीत लिहिले होते की या नामांतरणावर कोणाला आपत्ति असेल तर त्याने ठरलेल्या तारखेपर्यंत हजर व्हावे. मोबाईलने मराठी केले, ‘कोणाला आपत्ती असल्यास’. काकू म्हणाल्या, “आपल्यावर कोणती आपत्ती आली बाप्पा? पूर नाही, आग नाही.” नोटीस कपाटात गेली. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, आक्षेप. त्यांच्या भावाचा फोन आला म्हणून उरलेल्या चार दिवसांत त्या जाऊन आल्या.

असे शब्द संस्कृतातून दोन्ही भाषांत आले आणि पुढे प्रत्येक भाषेत वेगळ्या वाटेने गेले. यंत्राला शब्द दोन्हीकडे सापडतो, तो तसाच पुढे ढकलला जातो, आणि वाक्य व्याकरणाने स्वच्छ मराठी दिसते. परका शब्द आला असता तर आपण कोणाला तरी विचारले असते. ओळखीचा शब्द आला की आपण विचारत नाही. आमचा ‘फेरफार’ हिंदीत तसाच गेला तर तिकडच्या माणसाला कागदात कोणी लबाडी केली असे वाटते. त्यांचे ‘संशोधन’ म्हणजे नियमात किंवा नोंदीत केलेली दुरुस्ती, आपले संशोधन म्हणजे नवा शोध. ‘शिक्षा’ आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे, पण कचेरीच्या कागदावर आपत्ति आणि संशोधन जास्त भेटतात, आणि तिथे तारीख चुकली की नुकसान होते.

यासाठी आम्ही एक उपाय करतो. मूळ हिंदी ओळीचे एकदा मराठी करतो आणि एकदा इंग्रजी. दोन्ही भाषांतरे मूळ हिंदीवरूनच करायची, मराठीवरून इंग्रजी नव्हे. ‘आपत्ति’ची इंग्रजी ‘ऑब्जेक्शन’ आली आणि मराठीत ‘आपत्ती’ दिसली, तर दहावीतल्या पोरालाही दोन्ही जुळत नाहीत हे कळते. इंग्रजीत तो सारखा दिसणारा शब्दच नाही, त्यामुळे तिथे यंत्राला अर्थ निवडावाच लागतो. तो चुकीचाही निवडला जाऊ शकतो, म्हणून दोन उत्तरे जुळली तरी तारीख, हक्क किंवा औषधाचा मामला असेल तर ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला विचारावेच. आमच्या गावात असे दहा जण सहज सापडतील.

माझ्या दोन विनंत्या आहेत. शेतीची औषधे विकणाऱ्यांनी आणि पत्रके काढणाऱ्यांनी आमच्या सीमेवरच्या तालुक्यांसाठी मराठीखाली हिंदी मजकूरही माणसाकडून लिहून घेऊन छापावा. निदान औषध कुठे ओतायचे आणि कोणी शिवायचे नाही ही वाक्ये तरी ‘मुळांना द्यावे’ अशी न ठेवता, चुकून वाचली तरी घात होणार नाही अशी ठेवावीत. डब्यावरचा रंगीत चौकोन तेवढा भाषेवाचून समजतो. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो पत्रकावरही छापला तर मजुराला डबा हातात नसतानाही अंदाज येईल.

दुसरी विनंती आपल्यालाच आहे. आपल्या शेतीच्या पानावर दर आठवड्याला मराठी-हिंदीतला असा एकच फसवा शब्द, कागदावर जसा येतो तशा वाक्यासकट छापावा. पहिले सहा-सात शब्द मी आणि पुतण्याने वहीत लिहून ठेवले आहेत. आपण कळवाल तेव्हा पाठवतो.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. वरुड, जि. अमरावती