पराठ्याचा हिशेब आणि वाटीतलं तेल

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय सुन्या,

काय बे, या वयात लोक तीर्थयात्रेला जातात आणि तू जिमला लागलास! बरं केलंस. पण तू पाठवलेला वहीचा फोटो बघून मला हसू आवरेना. ‘बटाट्याचा पराठा एक नग, ३०७ कॅलरी, फॅट दीड ग्रॅम.’ अरे, ज्या पराठ्याखालचा कागद आरपार दिसायला लागतो, त्यात फॅट दीड ग्रॅम?

तुझं गणित मी उलटं लावून बघितलं. उंडा ७० ग्रॅमचा, तो तू ७० ग्रॅम गव्हाचं पीठ म्हणून लिहिलास. सारण ८० ग्रॅम, ते सगळं उकडलेला बटाटा धरलंस. तेल लिहिलंच नाहीस. यातला पहिला घोटाळा आपल्या भाषेचाच आहे. कोरड्या पिठालाही आपण कणीक म्हणतो आणि भिजवून मळलेल्या गोळ्यालाही कणीकच. पण त्या गोळ्यात निम्म्याच्या थोडं वर पीठ असतं, बाकी पाणी. सुताच्या गोदामात असताना मी असंच पाणी पकडायचो, आठवतंय? कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओलावा धरून व्यवहार व्हायचा. त्याच्या वर भरला की आपण पाण्याचे पैसे मोजतोय हे कळायचं. तू गेले दोन महिने पाण्याच्या कॅलरी मोजतोयस.

मग मागच्या रविवारी मी आमच्याच स्वयंपाकघरात काटा मांडला. वैशाली म्हणाली, “आता हेच राहिलं होतं.” आई काही बोलली नाही, फक्त काटा पुसून दिला.

पीठ ३०० ग्रॅम, पाणी १९० आणि मोहनाचं तेल १०, म्हणजे मळलेली कणीक ५०० ग्रॅम. तीनशे भागिले पाचशे, म्हणजे दर १०० ग्रॅम कणकेत ६० ग्रॅम पीठ आणि २ ग्रॅम तेल. एवढा एक आकडा हाती आला की उंडा कितीही मोठा घे, हिशेब सुटतो. आमचा उंडा ७० ग्रॅमचा, त्यात ४२ ग्रॅम पीठ आणि जेमतेम दीड ग्रॅम तेल. लाटताना पिठी लागते ती वेगळी. ताटलीत ६० ग्रॅम काढून ठेवली होती, सहा पराठ्यांनंतर ३० उरली. पोळपाटावरची आणि ओट्यावरची झाडून घेतली ती ६ भरली. म्हणजे पराठ्यांना लागली २४, एकेकाला ४ ग्रॅम. एकूण पीठ ४६ ग्रॅम झालं. पिठाच्या १०० ग्रॅमला ३४० कॅलरी, ११ प्रोटीन, ७० कार्ब, २ फॅट असा ढोबळ हिशेब मी धरतो. त्यावरून या ४६ ग्रॅमचे साधारण १५६ कॅलरी, ५ ग्रॅम प्रोटीन आणि ३२ ग्रॅम कार्ब होतात.

इथे एक सांगून ठेवतो, नाहीतर तू फोन करून भांडशील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात गव्हाच्या पिठाला ३२० च्या आसपास कॅलरी आणि ६४ कार्ब दिसतील, पिठाच्या पिशवीवर त्याहून जास्त. कुणी चुकलेलं नाही. तक्त्यात चोथा, म्हणजे फायबर, कार्बमधून वेगळा काढलेला आहे, पिशवीवर तो बहुधा कार्बमध्येच धरलेला असतो. कोणताही एक धर. पीठ एकीकडून आणि बटाटा दुसरीकडून घेऊ नकोस, इतकंच. एका पराठ्यामागे फरक नऊ-दहा कॅलरींचा पडतो, तेवढ्यासाठी झोप घालवायची गरज नाही.

आता सारण. तू ते बटाटा म्हणून लिहिलंस, पण आमच्या घरी पराठ्याच्या सारणात तिखटाऐवजी शेंगा चटणी पडते, हे तू इतकी वर्षं खाऊनही विसरलास? ती उखळात कांडलेली, बोटाला तेल लागतं अशी. वरून तेल घातलेलं नसतं बरं का, ते शेंगदाण्याचंच. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं.

सोललेला उकडलेला बटाटा ४०० ग्रॅम, चटणी ४०, फोडणीचं तेल १०, मिरची-कोथिंबीर १०. एकूण ४६०. बटाट्याच्या ३४४ कॅलरी. चटणीत लसूण, तिखट, मीठ वजा जाता शेंगदाणे ३६ ग्रॅम धरले, त्यांच्या २०४. फोडणीच्या ९०. कोथिंबीर सोडून दे. सगळं मिळून ६३८. म्हणजे सारणाच्या १०० ग्रॅमला १३९ कॅलरी आणि ६ ग्रॅम फॅट. नुसता बटाटा असता तर ८६ कॅलरी आणि फॅट जवळपास शून्य. आमच्या ८० ग्रॅम सारणात १११ कॅलरी येतात, त्यात प्रोटीन ३, कार्ब १५, फॅट ५. (सहाव्या पराठ्याला ६० ग्रॅमच सारण उरलं. तो मला आला.)

बटाटा उकडल्यावर, सोलून, मग तोल. सालीसकट कच्चा तोललास तर साल आणि मातीही हिशेबात येते.

खरी गंमत तव्यावर आहे. तेल चमच्याने मोजायला गेलो तेव्हा कळलं की वैशाली चमचा भरून घेतच नाही. ती चमच्याच्या पाठीने तेल फिरवते, मग कडेने दोन थेंब सोडते, पराठा फुगला की उलथन्याने दाबून परत थोडं. हे कोण मोजणार? आणि आमचा काटा एकेक ग्रॅम दाखवतो, त्यावर दोन-तीन ग्रॅम तेल तोलणं म्हणजे अंदाजच. म्हणून एका पराठ्याचं तेल तोलायचंच नाही. तेलाची वाटी चमच्यासकट सुरुवातीला तोलली, २१२ ग्रॅम. सहाही पराठे झाल्यावर परत तोलली, १५८. गेलं ५४. पण गेलेलं सगळं पराठ्यात गेलं असं नाही. तवा कोमट झाल्यावर आधी तोलून ठेवलेल्या कागदाने पुसला, कागद ६ ग्रॅमने जड झाला. ५४ वजा ६, ४८. सहा पराठ्यांना वाटलं तर एकेकाला ८ ग्रॅम, म्हणजे ७२ कॅलरी. तेल करडईचं असो की शेंगदाण्याचं, ग्रॅमला ९ कॅलरीच. तुपाचंही जवळपास तेच. लोण्यात पाणी असतं, ते थोडं कमी भरतं.

सगळं एकत्र घे. पिठाचे १५६, मोहनाचे १३, सारणाचे १११, तव्यावरचे ७२. एका पराठ्याच्या ३५२ कॅलरी, प्रोटीन ८ ग्रॅम, कार्ब ४७, फॅट १५.

आता तुझी वही शेजारी ठेव. तुझ्या ३०७, माझ्या ३५२. म्हणशील, पंचेचाळीसचाच तर फरक आहे! पण तुझे कार्ब ६५ आले आणि फॅट दीड. खरे ४७ आणि १५. पाण्याला पीठ समजून तू कॅलरी वाढवल्यास आणि तेल विसरून कमी केल्यास. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, म्हणून बेरीज बरी दिसली. तुझा तो ट्रेनर दिवसाला ५० ग्रॅम फॅट म्हणतो ना? सकाळी दोन पराठे खाल्लेस की ३० झाले. तू वहीत ३ लिहून दुपारी निश्चिंत मनाने शेंगदाणे खातोयस.

आणखी एक चूक तू पुढे करणार, म्हणून आधीच सांगतो. पराठा ताटात घेऊन तोलशील आणि कच्च्या मालाचे आकडे त्याला लावशील. आमचा पराठा लाटून तेलासकट १६२ ग्रॅमचा हवा, भाजून झाल्यावर १४० भरला. बावीस ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. कच्च्याच्या १०० ग्रॅमला २१७ कॅलरी पडतात, भाजलेल्याच्या १०० ग्रॅमला २५१. कच्च्याचा दर लावून भाजलेला तोललास तर पन्नासेक कॅलरी हवेत गेल्या. म्हणून उंडा आणि सारण कच्चंच तोल. अर्धा पराठा टाकून द्यायचा असला तरच भाजलेलं वजन कामाला येतं.

हे सगळं झाल्यावर मी मोठ्या ऐटीत बसलो होतो, तर आई म्हणाली, “ती आज हात आखडून तेल टाकत होती, तू वाटीकडे टक लावून बसला होतास ना.” खरं निघालं. आज सकाळी मी कुणाला न सांगता वाटी तोलून ठेवली आणि बाहेर पेपर वाचत बसलो. तवा पुसल्याचं वजा जाता एका पराठ्याला ११ ग्रॅम आलं. म्हणजे फॅट १५ नाही, १८. कॅलरी ३८० च्या घरात. आज एक पराठा फुटलाही होता. फुटला की सारण तव्यावर उघडं पडतं, तेल पितं आणि बायका वरून अजून सोडतात.

तुझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी येतात, त्यांच्यापुढे काटा मांडून बसू नकोस. त्यांनाही वाटेल, साहेब तेलाचा हिशेब ठेवायला लागले. पराठ्यासाठी एक वाटी वेगळी काढून दे, रात्रीच तोलून ठेव आणि त्या गेल्यावर परत तोल. असे चार-पाच वेळचे आकडे झाले की सरासरी काढ. कणीक त्या अंदाजाने भिजवतात त्याची चिंता करू नकोस. सैल असली तर १०० ग्रॅममध्ये पीठ ५७ असेल, घट्ट असली तर ६३. सत्तर ग्रॅमच्या उंड्यात दोन ग्रॅम पिठाचा फरक, सात कॅलरी. तेवढाच फरक पाऊण ग्रॅम तेलाने पडतो, आणि तेल तर तीन ग्रॅमने इकडचं तिकडे होतंय. म्हणून पिठाला साठ टक्के धरून मोकळा हो आणि सगळी मेहनत वाटीवर घाल.

आईने तुझ्यासाठी पाव किलो चटणी बांधून ठेवलीय, वैशालीचा भाऊ बुधवारी पुण्याला येतोय त्याच्या हाती देतो. दहा ग्रॅम घेतलीस की पन्नास कॅलरी आणि साडेचार ग्रॅम फॅट, लिही वहीत. आणि मागच्या वेळचा आमचा स्टीलचा डबा रिकामा का होईना, त्याच्यासोबत परत पाठव. आई दोनदा विचारून झाली.

तुझाच,
दिल्या