सालामांकाच्या त्या पत्राबद्दल थँक्यू, मॅडम

प्रिय मॅडम,

स्पेनमधल्या सालामांका शहरातल्या माझ्या होस्ट फॅमिलीला लिहिलेलं स्पॅनिश पत्र पोचलं, त्याचं क्रेडिट तुमचं आहे म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

एक्स्चेंज संपवून पुण्यात आले तेव्हा मनात खूप होतं पण कागदावर नुसतं ग्रासियास, ग्रासियास. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, घरात त्यांच्याशी कसं बोलायचीस? म्हटलं, तू-तुम्हीचं काही नाही, त्या आईलाही तू च. मग पत्रातही तेच, घरच्या सगळ्यांना मिळून 'वोसोत्रोस', म्हणजे जवळिकीचं अनेकवचनी 'तुम्ही', कारण स्पेनमध्ये आदरार्थी 'उस्तेदेस' म्हटलं की एकदम ऑफिसातलं अंतर येतं (मेक्सिकोत असते तर घरच्यांनाही उस्तेदेसच लिहिलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत). आपल्याला मोठ्यांना अहो-जाहो करायची सवय, त्यामुळे हात जरा अडखळतो, पण तिथे ते परकं वाटतं हे पटलं.

वर 'केरिदा फामिलिया' आणि पुढे स्वल्पविराम नाही, कोलन. प्रश्न विचारायचा तर सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह. शेवटी 'अतेंतामेंते' अजिबात नको, ते बँकेच्या पत्रात, इथे 'उन अब्रासो मुय फ्वेर्ते', म्हणजे घट्ट मिठी. आणि मी मुलगी, त्यामुळे 'आभारी' म्हणताना 'आग्रादेसिदा', शेवटी आ.

पण खरी मजा मधल्या भागात आली. तुम्ही म्हणालात, सगळ्यासाठी आभार मानलेस तर एकाचेही मानले जात नाहीत, एक दिवस सांग. तर मी लुनेस दे आग्वासचा सांगितला. ईस्टर संडेनंतर दुसऱ्या सोमवारी अख्खं सालामांका ओर्नासो घेऊन तोर्मेस नदीकाठी जेवायला जातं. ओर्नासो म्हणजे आत चोरिसो सॉसेज, मांस, अंडी भरून भाजलेला मोठा पाव, मी मांस खात नाही, तर होस्ट आईने सकाळी उठून माझ्यासाठी वेगळं तोर्तिया दे पातातास, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, केलं होतं आणि डब्यावर माझं नाव लिहिलं होतं. तिथे तुम्ही काळ नीट लावून दिलात, नदीकाठी गेलो, खाल्लं, हे एकदाच घडलेलं म्हणून 'फुइमोस', 'कोमिमोस', आणि रोज दुपारी जेवल्यावर तासभर टेबलावरून न उठता गप्पा मारायचो, ते सवयीचं म्हणून 'नोस केदाबामोस आब्लांदो'. दोन्ही एकाच साच्यात घातलं असतं तर त्या रोजच्या गप्पा एका दिवसाच्या होऊन बसल्या असत्या ना!

त्यांना पुण्याला बोलावलंय, घर तुमचंच आहे असं स्पॅनिशमध्येही म्हणतात, 'आकी तेनेइस वुएस्त्रा कासा'. काल होस्ट आईचा व्हॉइस मेसेज आला, आजीला पत्र वाचून दाखवलं म्हणे आणि आजी विचारतेय की पुण्यात मांस न खाणारे लोक नेमकं काय खातात. एवढं लांब उत्तर मला एकटीला नाही जमणार, शनिवारी क्लासनंतर थांबाल का थोडं?

तुमची विद्यार्थिनी