तीन दिवस कुठे होतीस?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कल्याणला चढता, म्हणून तुम्हाला बसायला मिळते. मी डोंबिवलीला चढते, म्हणून मी उभी असते. गेल्या जूनमध्ये लातूरहून नोकरीसाठी मुंबईत आल्यापासून तीन महिने, सव्वाआठच्या सुमाराच्या जलद लोकलच्या महिला डब्यात, आपली ओळख एवढीच होती.

त्या तीन महिन्यांत मी कशी राहत होते, हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलेले नाही. माझ्या खोलीतली एक मुलगी रात्रपाळी करते आणि दुसरी शुक्रवारी नाशिकला घरी जाते. लातूर जवळजवळ ५०० किलोमीटर लांब असल्याने मला दर आठवड्याला जाणे शक्य नसते. एकदा मी शुक्रवारी रात्री आठला कार्यालयातून निघाल्यापासून सोमवारी सकाळी दहापर्यंत, म्हणजे ६२ तासांत, समोरच्या माणसाशी किती वाक्ये बोलले ते मोजले. ती चार भरली, आणि त्यांतली दोन पोळी-भाजी केंद्रातली 'चार पोळ्या, एक भाजी' अशी होती. पूर्वी निदान 'किती झाले?' असे विचारावे लागत असेल. आता कोड स्कॅन केला की रक्कम मिळाल्याचे तो खोकाच ओरडून सांगतो. आईशी फोनवर रोज बोलत असे, पण ते मी मोजणीत धरले नाही, कारण त्यात सगळे ठीक आहे एवढेच सांगत असे. सोमवारी कार्यालयात पहिले वाक्य बोलण्याआधी घसा खाकरावा लागे.

कार्यालयात माणसे भरपूर आहेत आणि ती वाईटही नाहीत. पण तिथले बोलणे कामापाशी सुरू होते आणि लिफ्टपाशी संपते. सप्टेंबरमध्ये मला ताप आला तेव्हा मी रजेचा मेल पाठवला. 'काळजी घे' असे उत्तर आले आणि त्याच्याच पुढच्या ओळीत एका फाइलचा पासवर्ड मागितलेला होता. पहिल्या दिवशी ज्या सहकाऱ्याला माझा 'बडी' म्हणून नेमून आमचा फोटो काढला होता, त्याला मी रजेवर असल्याचे चौथ्या दिवशी कळले. ठाण्यात आमचे एक नातेवाईक आहेत. ते प्रत्येक फोनला 'ये ना कधीतरी' म्हणतात, पण त्या 'कधीतरी'ला वार नसतो आणि वेळही नसते. तीन दिवस मी ग्लुकोजची बिस्किटे आणि पाणी यांवर काढले. तापापेक्षा मला एकच विचार जास्त छळत होता, की मी इथे नाही हे नेमके कोणाला आणि किती दिवसांनी कळेल?

चौथ्या दिवशी मी डब्यात चढले, तर मांडीवरच्या पिशवीतली मेथी निवडता निवडता, मान वर न करता तुम्ही विचारलेत, "तीन दिवस कुठे होतीस?"

मी आधी मागे वळून पाहिले. प्रश्न माझ्यासाठी असेल असे मला वाटलेच नाही. तुम्हाला माझे नावही माहीत नव्हते. तरी 'दिसली नाहीस' असे मोघम न म्हणता तुम्ही नेमके तीन म्हणालात, म्हणजे दिवस मोजले होते. ठाणे येईपर्यंत मला उत्तर देता आले नाही, आणि मग तुम्ही उठून मला बसवलेत ते दादरपर्यंत.

त्याच दिवशी तुम्ही मला डब्याच्या व्हॉट्सॲप गटात घेतलेत आणि दटावलेत, "येणार नसशील तर आदल्या रात्री कळवायचं." आपल्या गैरहजेरीचा हिशेब कोणी मागावा याचा एवढा आनंद होतो, हे मला ठाऊक नव्हते. पुढे तुम्ही घरी बोलावलेत तेही 'कधीतरी' नव्हे, तर रविवारी अकराला, आणि वर बजावलेत की पोळ्या लाटायला माणूस हवे आहे. नुसते जेवायला बोलावले असते तर मी संकोचाने टाळले असते. दसऱ्याला डबा सजवला तेव्हा तोरणाची सुतळी धरायचे काम माझ्याकडे आले, ते आता कोणी काढून घेऊ नये.

शनिवार मला अजूनही लांब वाटतो, हे खोटे कशाला सांगू? पण सोमवारी आता घसा खाकरावा लागत नाही.

तेवढ्यासाठी हे पत्र. आणि हो, येत्या सोमवारी व मंगळवारी मी गावी असल्याने येणार नाही. गटावर कळवले आहेच, तरी तुम्हाला वेगळे सांगते.

आपली,
दारापाशी उभी राहणारी डोंबिवलीची मुलगी