परताव्याच्या तक्त्यात पीईचाही रकाना हवा

महोदय,

आपल्या अर्थ पुरवणीतल्या म्युच्युअल फंडांच्या तक्त्यात स्वस्त शेअर घेणारे व्हॅल्यू फंड वर दिसू लागल्यापासून सोबतच्या लेखांचा सूर ‘ग्रोथचे दिवस संपले’ असा झाला आहे. २०२० च्या सुरुवातीला हेच फंड तळाशी होते, तेव्हा स्वस्त शेअर शोधणाऱ्यांना लोक जुन्या काळात अडकलेले म्हणत. आकडे दोन्ही वेळी खरे होते. ते तसे का आले, हे मात्र तक्ता सांगत नाही.

ग्रोथ शेअर म्हणजे नफा वेगाने वाढेल या आशेवर महाग घेतला जाणारा शेअर. एशियन पेंट्सचे पाहा. जानेवारी २०२२ मध्ये हा शेअर साडेतीन हजारांच्या आसपास होता. वर्षाची प्रतिशेअर कमाई होती सुमारे ३२ रुपये, म्हणजे भावाला या कमाईने भागून येणारा पीई शंभरच्याही पुढे. २०२३-२४ मध्ये ही कमाई जवळपास ५७ रुपयांवर गेली. कंपनीने वाढीचा शब्द पाळला, तरी मार्च २०२४ अखेर शेअर २,८५० च्या आसपास, म्हणजे खालीच होता. नफा पाऊणपटीहून अधिक वाढला आणि पीई निम्म्यावर आला. गुंतवणूकदाराच्या हाती तोटा पडला.

आता कोल इंडिया. २०१० साली २४५ रुपयांना विकलेला हा शेअर ऑक्टोबर २०२० मध्ये ११५ च्या आसपास रेंगाळत होता. आधीच्या वर्षाची कमाई प्रतिशेअर २७ रुपये, लाभांश १२ रुपये. पीई जेमतेम चार! पुढे विजेची मागणी वाढली, कोळशाची टंचाई झाली, ई-लिलावात भाव चढले. २०२३-२४ पर्यंत कमाई ६० रुपयांवर गेली आणि शेअर ४३० च्या वर. इथे नफा दुपटीहून थोडा जास्त वाढला, पण भाव जवळपास चौपट झाला, कारण पीईही चारावरून सातावर गेला.

यामागे दोन कारणे आहेत. पहिले व्याजदर. ग्रोथ शेअरची बरीचशी किंमत दूरच्या वर्षांतल्या नफ्यावर उभी असते. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सहा टक्के दराने सुमारे ४२ रुपये होते, आठ टक्क्यांनी साडेएकतीस. म्हणजे थेट चोवीस टक्के घट. तेच १०० रुपये तीन वर्षांत मिळणार असतील तर घट साडेपाच टक्क्यांचीच. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. दूरच्या नफ्यासाठी भरमसाट पैसे मोजलेल्यांना याची झळ अधिक बसणारच होती.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे वाढीची टंचाई. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस कोसळल्यावर कर्जपुरवठा आटला, अर्थव्यवस्था मंदावली. नफा वाढेल अशी खात्री मोजक्याच कंपन्यांची देता येत होती, म्हणून सगळा पैसा तिकडेच धावला. नोव्हेंबर २०२० मध्ये लशीच्या बातम्या आल्या आणि बँका, पोलाद, वीज, सगळ्यांचाच नफा वाढणार असे दिसू लागले. मग वाढीसाठी शंभर पीई कोण मोजेल? हे वळण आले तेव्हा रेपो दर तळालाच होता. त्यामुळे नुसते रिझर्व्ह बँकेकडे डोळे लावून बसणाऱ्याची ही गाडी चुकली.

व्हॅल्यूवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. कोल इंडिया काही २०२० मध्येच स्वस्त झाली नव्हती. ती त्याआधीही बरीच वर्षे स्वस्त होती आणि आणखी स्वस्त होत गेली. सरकार अधूनमधून आपला हिस्सा विकत असल्याने शेअरचा पुरवठा वाढत राही, आणि कोळशाला भवितव्य नाही ही धारणा होतीच. शिवाय पोलाद-कोळशासारख्या धंद्यात पीई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा नफा शिखरावर असताना. पुढच्या वर्षी नफा निम्मा झाला की कालचा सहा पीई आपोआप बारा होतो. अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा न पाहता सात-आठ वर्षांची सरासरी काढावी आणि कर्ज किती आहे ते आधी बघावे.

म्हणून एक विनंती. परताव्याच्या तक्त्यात प्रत्येक फंडाचा आजचा पीई आणि पाच वर्षांपूर्वीचा पीई असे दोन रकाने वाढवावेत. फंडांच्या मासिक पत्रकांत हा आकडा बहुधा असतोच, जुनी पत्रकेही काढता येतात. परताव्यातला किती भाग कंपन्यांनी कमावला आणि किती भाग बाजाराने जास्त पीई मोजून दिला, हे वाचकाला त्यावरून ढोबळमानाने तरी कळेल. जागा कमी पडत असेल तर ‘तज्ज्ञांची पसंती’ हा रकाना खुशाल काढून टाकावा.

– एक वाचक, सांगली